व्हेंटिलेटरवरील रुग्णाचा मोजलेला ऊर्जाव्यय : अप्रत्यक्ष उष्मामापन व श्वसन गुणांक यांच्या आधारे अन्वयार्थ

बीजसंज्ञा : अप्रत्यक्ष उष्मामापन, श्वसन गुणांक, ऊर्जाव्यय, अतिपोषण, कृत्रिम श्वसन

प्रस्तावना

अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर, असलेला रुग्ण स्वतः जेवू शकत नाही. भूक लागली हे तो सांगू शकत नाही आणि पोट भरले म्हणून हातही आखडता घेऊ शकत नाही. त्याला दिवसभरात किती ऊर्जा द्यावयाची हे सर्वस्वी इतरांनी ठरवावे लागते. बहुतेक ठिकाणी हा निर्णय एका ठोकताळ्यावर सोपविला जातो. रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे २५ ते ३० किलोकॅलरी, असा हा ठोकताळा आहे. तो सोपा आहे, परंतु रुग्ण गुंगीत आहे की तापाने फणफणलेला आहे, श्वासाचे श्रम तो करतो आहे की यंत्र, याचा त्यात विचार नाही.

ठोकताळ्याची चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. ऊर्जा दीर्घकाळ कमी पडली तर शरीर स्वतःचे स्नायू वापरू लागते आणि त्यांत श्वसनाचे स्नायूही येतात. ऊर्जा जास्त झाली, विशेषतः कर्बोदकांतून, तर कार्बन डायऑक्साइडची निर्मिती वाढते आणि तो बाहेर टाकण्यासाठी अधिक श्वसन करावे लागते. दोन्ही प्रकारांत रुग्णाला व्हेंटिलेटरपासून सोडविणे अवघड होते. म्हणून अंदाज करण्याऐवजी ऊर्जाव्यय प्रत्यक्ष मोजण्याची पद्धत वापरली जाते. तिला अप्रत्यक्ष उष्मामापन म्हणतात.

मात्र यंत्राच्या पडद्यावर उमटलेला आकडा हा निर्णय नव्हे. त्याच्या शेजारी आणखी एक लहानसा आकडा असतो, तो म्हणजे श्वसन गुणांक अर्थात आर. क्यू. हा गुणांक ऊर्जाव्ययाचा अर्थ लावण्यास साहाय्य करतो, परंतु काही वेळा तो स्वतःच दिशाभूल करतो. आर. क्यू. वर केव्हा विश्वास ठेवावा आणि केव्हा ठेवू नये, हे एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. वायूंवरून ऊर्जा कशी समजते?

शरीरातील अन्नाचे ज्वलन आणि मेणबत्तीचे ज्वलन यांत रासायनिक हिशोबाच्या दृष्टीने साम्य आहे, हा विचार अठराव्या शतकातील आहे. लाव्हॉझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १७८०च्या दशकात गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवले. वितळलेल्या बर्फावरून त्यांनी प्राण्याची उष्णता मोजली आणि तिची त्याच्या श्वसनाशी तुलना केली. पुढे १८९४ मध्ये जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॅक्स रुबनर यांनी कुत्र्यावर केलेल्या प्रयोगांतून असे दाखविले की, प्रत्यक्ष मोजलेली उष्णता आणि वायूंच्या देवाणघेवाणीवरून काढलेली उष्णता यांचा मेळ बसतो. प्रत्यक्ष उष्णता मोजावयाची तर माणसाला बंदिस्त कक्षात ठेवावे लागते, जे गंभीर रुग्णाच्या बाबतीत अशक्य आहे. त्याने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजणे मात्र शक्य आहे. उष्णता न मोजता ती वायूंवरून काढली जाते, म्हणून हे मापन 'अप्रत्यक्ष' होय.

वायूंवरून ऊर्जा काढण्याचे आजही वापरात असलेले सूत्र वीअर यांनी १९४९ मध्ये मांडले. वायूंचे प्रमाण मिनिटाला लिटरमध्ये धरल्यास ते असे लिहिता येते :

दैनिक ऊर्जाव्यय (किलोकॅलरी) = [(३.९४१ × ऑक्सिजन) + (१.१०६ × कार्बन डायऑक्साइड)] × १४४०

१४४० ही दिवसातील मिनिटांची संख्या आहे. मूळ सूत्रात मूत्रातून जाणाऱ्या नायट्रोजनची एक वजाबाकी आहे. एका ग्रॅममागे ती सुमारे २.१७ किलोकॅलरी येते. दिवसाला १२ ग्रॅम नायट्रोजन गेला तरी एकूण फरक २६ किलोकॅलरींचाच पडतो, म्हणून रुग्णालयीन वापरात हे पद बहुधा गाळले जाते.

या सूत्रातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे. ऑक्सिजनचा गुणक कार्बन डायऑक्साइडच्या गुणकाच्या साडेतीन पट आहे. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडच्या मोजमापात १० टक्के चूक झाली तर ऊर्जाव्ययात सुमारे २ टक्केच चूक होते. ऑक्सिजनच्या मोजमापात तेवढीच चूक झाली तर ऊर्जाव्यय सुमारे ८ टक्क्यांनी चुकतो.

२. श्वसन गुणांक म्हणजे काय?

सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडला वापरलेल्या ऑक्सिजनने भागले की श्वसन गुणांक मिळतो. ग्लुकोजचा एक रेणू जाळण्यास ऑक्सिजनचे सहा रेणू लागतात आणि कार्बन डायऑक्साइडचे सहाच रेणू बाहेर पडतात. म्हणून कर्बोदकांचा गुणांक १ आहे. स्निग्ध पदार्थांच्या रेणूत ऑक्सिजन मुळातच कमी असतो, त्यामुळे तो बाहेरून अधिक घ्यावा लागतो. पामिटिक आम्लाच्या एका रेणूस ऑक्सिजनचे २३ रेणू लागतात व कार्बन डायऑक्साइडचे १६ रेणू निघतात, म्हणून गुणांक सुमारे ०.७ येतो. प्रथिनांचा गुणांक या दोहोंच्या मधे, ०.८च्या आसपास, असतो.

शरीर कोणत्याही क्षणी या तिन्हींचे मिश्रण जाळत असते, त्यामुळे मोजलेला गुणांक बहुधा ०.७ आणि १ यांच्या दरम्यान येतो. गरजेपेक्षा बरीच जास्त कर्बोदके दिली तर शरीर त्यांचे चरबीत रूपांतर करते. या क्रियेत ऑक्सिजनचा तितकासा वापर न होता कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे गुणांक १च्या वर जातो. शरीरक्रियेच्या दृष्टीने संभाव्य मर्यादा साधारण ०.६७ ते १.३ मानली जाते. त्यापलीकडचा आकडा रुग्णाविषयी काही सांगत नसून मोजमापातील दोषाविषयी सांगत असतो.

३. मोजमापाची रीत

व्हेंटिलेटरवरील रुग्णाच्या बाबतीत उष्मामापक यंत्र श्वासनलिकेतील नळी आणि व्हेंटिलेटर यांच्या परिपथाला जोडले जाते. आत जाणाऱ्या वायूतील ऑक्सिजनचे प्रमाण, बाहेर येणाऱ्या वायूतील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण आणि बाहेर येणाऱ्या वायूचे आकारमान या गोष्टी यंत्र मोजते.

आत जाणाऱ्या वायूचे आकारमान बहुतेक यंत्रे स्वतंत्रपणे मोजत नाहीत. ते एका गृहीतावरून काढले जाते. नायट्रोजन शरीरात वापरला जात नाही व तयारही होत नाही. म्हणून आत गेलेला आणि बाहेर आलेला नायट्रोजन समान मानावा, असे हे गृहीत आहे. ते हाल्डेन रूपांतरण या नावाने ओळखले जाते. पुढे दिसणाऱ्या दोन चुकांचे मूळ याच ठिकाणी आहे.

मोजमापापूर्वी यंत्र तापू द्यावे लागते आणि ज्ञात वायुमिश्रणाने त्याचे प्रमाणीकरण करावे लागते. यंत्र बरोबर आहे की नाही हे तपासण्याचा एक सुंदर मार्ग म्हणजे इथेनॉल जाळून पाहणे होय. इथेनॉलच्या एका रेणूस ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात व कार्बन डायऑक्साइडचे दोन निघतात. म्हणून यंत्राने ०.६७ हा गुणांक दाखविलाच पाहिजे. रुग्णाला सुमारे अर्धा तास शांत पडू द्यावे. त्या काळात कूस बदलणे, कफ ओढून काढणे, मलमपट्टी यांसारखी कामे करू नयेत. सुरुवातीची पाच मिनिटे सोडून द्यावीत. त्यानंतर सलग पाच मिनिटे दोन्ही वायूंचे आकडे १० टक्क्यांपेक्षा अधिक हलले नाहीत, तर त्यास स्थिरावस्था मानून तेथील सरासरी घ्यावी.

४. उदाहरण : पहिले वाचन

पुढील उदाहरण विवेचनासाठी रचलेले असून त्यातील आकडे वीअर यांच्या सूत्राशी जुळणारे आहेत. ५८ वर्षे वयाचा, ७० किलो वजनाचा पुरुष रुग्ण फुप्फुसदाह व जंतुदोष यांमुळे व्हेंटिलेटरवर आहे. आजचा सहावा दिवस आहे. त्याला प्रोपोफॉल या औषधाने गुंगीत ठेवले आहे आणि श्वासाचे बहुतेक श्रम यंत्र करीत आहे. आत जाणाऱ्या वायूत ऑक्सिजनचे प्रमाण ४० टक्के आहे. मिनिटाला सुमारे ९ लिटर वायू त्याच्या फुप्फुसांतून बाहेर येतो.

त्याला ऊर्जा तीन मार्गांनी मिळते. नाकातील नळीतून तासाला ७० मिली द्रव आहार दिला जातो. एका मिलीत १ किलोकॅलरी धरता त्यातून १६८० किलोकॅलरी मिळतात. प्रोपोफॉल चरबीच्या द्रावणात विरघळविलेले असते व त्याच्या एका मिलीतून १.१ किलोकॅलरी मिळतात. तासाला १० मिली वेगाने ते २६४ किलोकॅलरी देते. औषधे पातळ करण्यासाठी ५ टक्के डेक्स्ट्रोजचे एक लिटर जाते, त्यातून १७० किलोकॅलरी मिळतात. एकूण २११४ किलोकॅलरी होतात, म्हणजे किलोमागे ३० या ठोकताळ्याची तंतोतंत पूर्तता होते. आहाराच्या तक्त्यावर मात्र बहुधा १६८० एवढाच आकडा लिहिलेला असतो, कारण औषध आणि सलाइन यांना कोणी अन्न समजत नाही.

सकाळी केलेल्या मोजमापात ऑक्सिजनचा वापर मिनिटाला २०५ मिली आणि कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन २१५ मिली आढळले. ऊर्जाव्यय १५०६ किलोकॅलरी आला, तर श्वसन गुणांक १.०५ आला. पाहता क्षणी निष्कर्ष असा निघतो की, रुग्णाला कर्बोदके इतकी जास्त दिली जात आहेत की त्यांची चरबी तयार होत आहे.

हा निष्कर्ष घाईचा आहे. नोंदवहीत असे दिसते की, मोजमापाच्या वीस मिनिटे आधी रक्तातील वायूंच्या तपासणीवरून व्हेंटिलेटरचा श्वसनदर मिनिटाला १६ वरून २० करण्यात आला होता. शरीरात कार्बन डायऑक्साइडचा मोठा साठा रक्तात व ऊतींत विरघळलेल्या आणि बायकार्बोनेटच्या रूपात असतो. ऑक्सिजनचा साठा त्या मानाने अगदीच लहान असतो. श्वसन वाढविले की हा साठलेला कार्बन डायऑक्साइड धुऊन निघू लागतो. तो त्या वेळी तयार झालेला नसतो, फक्त बाहेर पडत असतो. यंत्राला हा भेद कळत नाही. श्वसन कमी केल्यास याच्या उलट घडते आणि गुणांक खोटा कमी दिसतो. म्हणून व्हेंटिलेटरवरील कोणत्याही बदलानंतर सुमारे तास-दीड तास थांबून मोजणे आवश्यक ठरते.

५. दुसरे वाचन आणि अन्नाचा गुणांक

दीड तासानंतर पुन्हा मोजले असता ऑक्सिजनचा वापर २०८ मिली व कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १९८ मिली आले. ऊर्जाव्यय १४९६ किलोकॅलरी आणि गुणांक ०.९५ आला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, गुणांक १.०५ वरून ०.९५ वर आला, तरी ऊर्जाव्यय केवळ १० किलोकॅलरींनी बदलला. सूत्रात कार्बन डायऑक्साइडचा वाटा लहान असल्याचा हा परिणाम होय. अर्थात पहिल्या वाचनातील ऊर्जाव्यय जवळजवळ बरोबर होता, आणि त्याचा अर्थ सांगू पाहणारा गुणांक मात्र चुकीचा होता.

आता गुणांक १च्या खाली आला, म्हणून अतिपोषण नाही असे म्हणता येईल काय? तसे म्हणणे ही दुसरी घाई ठरेल. १ ही काही अतिपोषणाची सीमारेषा नव्हे. गुणांकाची तुलना रुग्णाला दिल्या जाणाऱ्या अन्नाच्या गुणांकाशी करावयास हवी. दिलेले अन्न जसेच्या तसे जळले असते तर जो गुणांक आला असता, तो अन्नाचा गुणांक होय.

या रुग्णाच्या द्रव आहारात ऊर्जेचा ५० टक्के भाग कर्बोदकांतून, ३० टक्के चरबीतून व २० टक्के प्रथिनांतून येतो. त्यात डेक्स्ट्रोजची कर्बोदके आणि प्रोपोफॉलची चरबी मिळविली की एकूण ऊर्जेत कर्बोदके सुमारे ४८ टक्के, चरबी ३६ टक्के व प्रथिने १६ टक्के होतात. प्रत्येकाचा वाटा त्याच्या गुणांकाने गुणून बेरीज केली असता अन्नाचा गुणांक अंदाजे ०.८६ येतो.

मोजलेला गुणांक ०.९५ आहे, म्हणजे अन्नाच्या गुणांकापेक्षा बराच जास्त आहे. याचा अर्थ असा की, शरीर आलेली कर्बोदके जाळत आहे आणि आलेल्या चरबीचा बराच भाग साठवीत आहे. याउलट मोजलेला गुणांक अन्नाच्या गुणांकापेक्षा कमी असता, तर रुग्ण स्वतःची साठविलेली चरबी वापरीत आहे असा अर्थ झाला असता. प्रत्यक्ष हिशोबही हेच सांगतो. व्यय १४९६ आणि पुरवठा २११४, म्हणजे पुरवठा व्ययाच्या १४१ टक्के आहे. दोन स्वतंत्र पुरावे येथे एकाच दिशेने बोट दाखवितात, म्हणून निष्कर्षावर विसंबता येते.

६. श्वसन गुणांकाला न दिसणाऱ्या चुका

गुणांक संभाव्य मर्यादेत आहे, म्हणजे मोजमाप बरोबर आहे, असा समज सर्रास आढळतो. तो का धोक्याचा आहे हे दोन चुकांवरून स्पष्ट होते.

पहिली चूक गळतीची आहे. समजा, श्वासनलिकेतील नळीचा फुगा पुरेसा फुगलेला नाही व बाहेर येणाऱ्या वायूपैकी १५ टक्के वायू यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. हाल्डेन रूपांतरणात दोन्ही वायूंचा हिशोब बाहेर आलेल्या वायूच्या आकारमानावर बेतलेला असल्याने दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात घटतात. ऑक्सिजन २०८ ऐवजी १७७ व कार्बन डायऑक्साइड १९८ ऐवजी १६८ दिसेल. भागाकार मात्र ०.९५ हाच राहील. ऊर्जाव्यय १४९६ ऐवजी १२७१ दिसेल आणि गुणांक त्याबद्दल चकार शब्द काढणार नाही. ही चूक ओळखण्याचा मार्ग निराळा आहे. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या श्वासाचे आकारमान शेजारी शेजारी दिसते. आत ४५० मिली जाऊन ३८३ मिलीच परत येत असेल, तर गळती आहे हे उघड होते. छातीत घातलेल्या नळीतून हवेचे बुडबुडे येत असल्यास तीही गळतीच होय.

दुसरी चूक ऑक्सिजनच्या प्रमाणाची आहे. आत जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन जितका जास्त तितका नायट्रोजन कमी, आणि सारा हिशोब तर नायट्रोजनच्या आधारावर उभा आहे. आधारच आकुंचन पावला की लहानशी चूक फुगून मोठी होते. आपल्या रुग्णात आत जाणारा ऑक्सिजन खरोखर ४० टक्के असताना यंत्राने तो ४०.१ टक्के वाचला, तर ऑक्सिजनचा वापर २०८ ऐवजी २२३ मिली दिसतो. ही ७ टक्क्यांची चूक झाली. तोच रुग्ण ७० टक्के ऑक्सिजनवर असता आणि यंत्राने ७०.१ टक्के वाचले असते, तर वापर २३८ मिली दिसला असता. म्हणजे एक दशांश टक्का एवढ्याच चुकीने वापराचा आकडा १४ टक्क्यांहून अधिक चुकतो. अशा वेळी ऊर्जाव्यय १६६७ किलोकॅलरी व गुणांक ०.८३ दिसेल. ०.८३ हा आकडा इतका सभ्य आहे की त्यावर कोणी संशय घेणार नाही. याच कारणास्तव ऑक्सिजनचे प्रमाण ६० टक्क्यांपेक्षा अधिक असताना हे मापन विश्वसनीय मानले जात नाही. १०० टक्के ऑक्सिजनवर तर नायट्रोजनच उरत नसल्याने हाल्डेन रूपांतरण करताच येत नाही.

रक्तशुद्धीकरण चालू असताना काही कार्बन डायऑक्साइड बायकार्बोनेटच्या रूपाने रक्तशुद्धीच्या द्रावात निघून जातो आणि श्वासात येत नाही. शरीराबाहेरील कृत्रिम फुप्फुसावर असलेल्या रुग्णात तर वायूंची देवाणघेवाण दोन ठिकाणी चालते. या दोन्ही परिस्थितींत केवळ श्वासातील वायूंवरून काढलेला आकडा अपुरा ठरतो.

७. आहारातील बदल आणि तिसरे वाचन

उदाहरणातील रुग्णाच्या बाबतीत गळती नव्हती आणि ऑक्सिजन ४० टक्केच होता, म्हणून दुसरे वाचन ग्राह्य धरता येते. त्यानुसार पुरवठा १५०० किलोकॅलरींच्या आसपास आणावयाचा आहे. येथे केवळ द्रव आहाराचा वेग कमी करणे पुरेसे नाही, कारण त्याबरोबर प्रथिनेही कमी होतात. प्रौढ गंभीर रुग्णासाठी किलोमागे १.३ ग्रॅम प्रथिने हे युरोपीय पोषण संस्थेच्या, अर्थात एस्पेनच्या, २०१९च्या मार्गदर्शक तत्त्वांतील प्रमाण धरल्यास या रुग्णास ९१ ग्रॅम लागतात.

म्हणून डेक्स्ट्रोजऐवजी औषधे साध्या सलाइनमध्ये देण्यात येतात, द्रव आहाराचा वेग तासाला ४५ मिली केला जातो आणि ३७ ग्रॅम प्रथिने स्वतंत्र भुकटीच्या रूपात दिली जातात. आता द्रव आहारातून १०८०, प्रथिनांच्या भुकटीतून १४८ आणि प्रोपोफॉलमधून २६४ अशा एकूण १४९२ किलोकॅलरी मिळतात. प्रथिने ९१ ग्रॅम होतात. या नव्या आहाराचा गुणांक सुमारे ०.८३ येतो.

तीन दिवसांनंतर, गुंगीचे औषध व व्हेंटिलेटरची मांडणी तीच असताना, पुढील चित्र दिसते :

| वाचन | ऑक्सिजन (मिली/मिनिट) | कार्बन डायऑक्साइड (मिली/मिनिट) | आर. क्यू. | ऊर्जाव्यय (किलोकॅलरी/दिवस) |
|---|---|---|---|---|
| पहिले, श्वसनदर वाढविल्यावर | २०५ | २१५ | १.०५ | १५०६ |
| दुसरे, दीड तासानंतर | २०८ | १९८ | ०.९५ | १४९६ |
| तिसरे, आहार बदलल्यावर | २०६ | १७७ | ०.८६ | १४५१ |

गुणांक आता अन्नाच्या गुणांकाजवळ आला आहे. ऊर्जाव्यय फारसा बदललेला नाही, परंतु कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन १९८ वरून १७७ मिली, म्हणजे सुमारे १० टक्क्यांनी, घटले आहे. रक्तातील कार्बन डायऑक्साइडची पातळी तीच ठेवावयाची असेल तर फुप्फुसांच्या कार्यकारी श्वसनाची गरजही तितक्याच प्रमाणात कमी होते. निरोगी माणसाला हा फरक जाणवणार नाही. ज्याची फुप्फुसे आजारी आहेत आणि ज्याला उद्या यंत्राविना श्वास घ्यावयाचा आहे, त्याच्यासाठी मात्र प्रत्येक मिनिटाचे श्रम हलके होतात.

८. मर्यादा

श्वसन गुणांकाचा वापर करताना त्याची एक मर्यादा सतत स्मरणात ठेवावी लागते. मॅक्लेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, रुग्णाला दिलेल्या ऊर्जेचे प्रमाण वाढले की गुणांक सरासरीने वाढतो, परंतु एकट्या रुग्णात केवळ गुणांकावरून अतिपोषण वा अल्पपोषण ओळखण्याची त्याची क्षमता कमी आहे. आजार, औषधे, रक्ताची आम्लता व श्वसनातील बदल हे सर्व त्यात मिसळलेले असतात. म्हणून ऊर्जेचा पुरवठा आणि व्यय यांची थेट तुलना हा मुख्य पुरावा व गुणांक हा साक्षीदार, असा क्रम ठेवणे योग्य ठरते.

दुसरी मर्यादा ऊर्जाव्ययाच्या अर्थाविषयी आहे. यंत्र शरीराने जाळलेली ऊर्जा मोजते. ती नळीतून आली की शरीराच्या साठ्यातून, हे ते सांगत नाही. गंभीर आजाराच्या पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःच्या साठ्यातून ऊर्जा सोडीत राहते आणि बाहेरून अन्न दिल्याने ती क्रिया पूर्णपणे थांबत नाही. त्या काळात मोजलेल्या व्ययाइतके अन्न दिल्यास प्रत्यक्षात अतिपोषण होऊ शकते. एस्पेनच्या वरील तत्त्वांनुसार सुरुवातीच्या तीव्र अवस्थेत मोजलेल्या व्ययाच्या ७० टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा देऊ नये आणि तिसऱ्या दिवसानंतर ती ८० ते १०० टक्क्यांपर्यंत वाढवावी. उदाहरणातील रुग्णाचा सहावा दिवस असल्याने त्याला पूर्ण व्ययाइतकी ऊर्जा देणे योग्य ठरले.

तिसरी बाब साधनांच्या उपलब्धतेची आहे. उष्मामापक यंत्र महाग आहे आणि सर्वत्र नसते. त्याऐवजी व्हेंटिलेटरला जोडलेल्या साधनाने केवळ कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन मोजून त्याला ८.१९ने गुणण्याची रीत वापरली जाते. या गुणकात श्वसन गुणांक ०.८६ आहे असे आधीच गृहीत धरलेले असते. आपल्या रुग्णाच्या दुसऱ्या वाचनास ही रीत लावली तर १९८ मिलींवरून १६२२ किलोकॅलरी येतात. त्याचा खरा गुणांक ०.९५ असल्याने हा आकडा सुमारे ८ टक्के जास्त ठरतो. वजनावरील ठोकताळ्याने दिलेल्या २१०० पेक्षा तो सत्याच्या कितीतरी जवळ आहे, हेही खरे. परंतु या रीतीतून मिळालेल्या आकड्यावरून श्वसन गुणांकाचा विचार करता येत नाही, कारण तो तेथे मोजलेला नसून मानलेला असतो.

समारोप

वरील विवेचनावरून मोजलेल्या ऊर्जाव्ययाचा अन्वयार्थ लावण्याचा एक क्रम हाती येतो. प्रथम मोजमापाची परिस्थिती तपासावी : गळती आहे काय, ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या आत आहे काय, गेल्या दीड तासात व्हेंटिलेटरवर बदल झाला आहे काय, आकडे स्थिर होते काय. त्यानंतर गुणांक ०.६७ ते १.३ या मर्यादेत आहे की नाही हे पाहावे. तो मर्यादेबाहेर असल्यास मोजमाप रद्द करावे, मात्र मर्यादेत आहे एवढ्यावरून ते ग्राह्य मानू नये. मग औषधे व सलाइन यांतील ऊर्जेसह रुग्णाला मिळणारी एकूण ऊर्जा काढून ती व्ययाशी ताडून पाहावी. शेवटी मोजलेल्या गुणांकाची तुलना १ या आकड्याशी न करता त्या रुग्णाच्या अन्नाच्या गुणांकाशी करावी. उदाहरणातील रुग्णाच्या पहिल्या वाचनात ऊर्जाव्यय खरा होता व गुणांक खोटा होता, तर गळतीच्या प्रसंगी गुणांक खरा आणि ऊर्जाव्यय खोटा ठरतो. दोन्ही आकडे एकाच यंत्रातून येत असले तरी त्यांची सत्यता वेगवेगळी तपासावी लागते.